उत्तर येण्याआधीच व्हिडिओ थांबवा

रेकॉर्ड केलेल्या तासात सर लगेच उत्तर सांगतात, म्हणून विद्यार्थ्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं. अशा तासावर स्वाध्याय देताना प्रश्न उत्तर फळ्यावर येण्याआधीच्या क्षणाला जोडा.

समजा, व्हिडिओत १२:४० ला सरांनी ६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले. विद्यार्थ्यांना तिथेच थांबायला सांगून स्वाध्यायात लिहा: ‘१२:४० – एकूण रोध ३ ओहमपेक्षा कमी की जास्त? का?’ आधी अंदाज, मग आकडेमोड, मगच व्हिडिओ पुढे. उत्तर २ ओहम. ९ आलं तर एकसर जोडणीचं सूत्र लावलंय. तेवढाच भाग परत बघा.

पुढचा प्रश्न व्हिडिओत नसलेला हवा: नागपूरच्या उन्हाळ्यात घरातला कूलर बंद केला तरी पंखा का फिरत राहतो?

‘समांतर जोडणी म्हणजे काय?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याला पाठ केलेली व्याख्याही पुरते.