लांबलचक तक्त्यातली एक ओळ: उत्तर कसं पडताळायचं

कळमना मार्केटच्या संत्रा लिलावाचा हजारो ओळींचा तक्ता एआयला दिला की मधल्या ओळीचा भाव कधीकधी शेजारच्या लॉटचा येतो. फाइल मोठी असली की काही साधनं तिचे तुकडे करून त्यातले मोजकेच वाचतात, आणि मथळ्याची ओळ पहिल्याच तुकड्यात राहते. म्हणून ‘६४१२वी ओळ’ असं विचारू नये. तारीख आणि लॉट क्रमांक द्यावा, पूर्ण ओळ जशीच्या तशी मागावी. मग ती मूळ फाइलमध्ये स्वतः शोधावी:

```
grep -n "^2023-11-18,412," lilav.csv
```

दोन ओळी निघाल्या, तर त्या दिवशी तोच लॉट क्रमांक दोनदा आलाय. तिथे अडत्याचं नावही जोडावं लागतं. ओळ जुळली तरच भाव धरावा. ‘सर्वांत जास्त भाव कोणता’ याचं उत्तर मात्र एका ओळीवरून तपासता येत नाही. त्यासाठी एक्सेलमध्ये भावाचा रकाना उतरत्या क्रमाने लावूनच बघावं.