काळ्या पट्ट्यांसकट अनुवाद: काम हाती घेण्याआधीची तयारी

माहिती अधिकारात मिळालेला इंग्रजी चौकशी अहवाल मराठीत करून हवा असतो, आणि पानापानावर काळ्या पट्ट्या असतात. असं काम आलं की शब्दकोश उघडण्याआधी अर्जदाराकडून अहवालासोबतचं पत्र मागून घ्या. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार अभिलेखाचा काही भाग वगळून उरलेला देता येतो. पण त्यावेळी जन माहिती अधिकाऱ्याने वगळण्याची कारणं, निर्णय कोणी घेतला आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे अर्जदाराला कळवायचं असतं. ते पत्र हातात असलं की पट्टी कार्यालयाने मारली आहे, की वाटेत कुणी पेन चालवलं, याचा अंदाज येतो. समासात ‘८(१)(जे)’ असा कलमाचा उल्लेख असेल तर तोही अनुवादात त्याच जागी यायला हवा. मराठी अधिनियमातल्या क, ख, ग शी तो आपल्या मनाने जुळवू नका. इंग्रजी अक्षर आहे तसं देवनागरीत लिहा.

मग पूर्ण अहवाल एकदा फक्त खुणांसाठी चाळा. न दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे झाकलेला मजकूर नव्हे. नमुन्यातली न भरलेली रेघ, झेरॉक्समध्ये उडालेली ओळ, शिक्क्याखाली गेलेली सही आणि खरी काळी पट्टी अशा चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी चार वेगळ्या खुणा आधीच ठरवा: [कोरे], [अवाचनीय], [शिक्का], आणि पट्टीसाठी █. चौकोनी कंस फक्त अनुवादकाचे, हेही ठरवून टाका. मूळ अहवालातच चौकोनी कंस वापरलेले असतील तर स्वतःसाठी दुसरी खूण निवडा.

फाइल संगणकावर आली असेल तर एक पट्टी माऊसने निवडून मजकूर कॉपी होतो का ते पाहा. काळा चौकोन नुसता वर ठेवलेला असला की खालची अक्षरं तशीच राहतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदातला झाकलेला मजकूर असाच कॉपी करून वाचला गेला. तुमच्या फाइलीत असं निघालं तर काम देणाऱ्याला लगेच लेखी कळवा आणि अनुवाद पानावर जे दिसतं त्याचाच करा. स्कॅनवरून अक्षरओळख करून घेत असाल तर उलटा धोका असतो. सॉफ्टवेअर पट्टी गिळून टाकतं आणि तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांना चिकटवतं. वाक्य वाचायला ठीक वाटतं, म्हणूनच ते सापडत नाही. अशा मजकुरावर थेट काम करू नका, मूळ पान शेजारी ठेवा.

आता प्रत्येक पट्टीला क्रमांक द्या: पान ४ वरची पहिली ४-१, दुसरी ४-२. हा क्रमांक जागेचा आहे, माणसाचा नाही. ४-१ आणि ४-३ खाली एकच व्यक्ती असावी असं संदर्भावरून वाटलं तरी दोघांना एकच खूण देऊ नका, कारण ते जोडणं मूळ कागदाने केलेलं नाही. पान ९ वर एखादं नाव झाकायचं राहून गेलं असेल तर ते पान ९ वरच ठेवा, पान ४ वर नेऊन भरू नका.

क्रमांकांची गरज वाक्यरचनेमुळे पडते. समजा इंग्रजी वाक्यात पट्टी १ ने पट्टी २ ला पट्टी ३ या दिवशी कळवलं की कंत्राटदाराने काम पुरं केलेलं नाही, आणि पट्टी ४ ला सात दिवसांत उत्तर द्यायला सांगितलं. मराठीत तारीख पुढे सरकते: ‘█१ यांनी █३ रोजी █२ यांना कळवले की कंत्राटदाराने काम पूर्ण केलेले नाही, आणि █४ यांच्याकडून ७ दिवसांत खुलासा मागवण्यात आला.’ क्रमांक नसते तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मराठीतली दुसरी पट्टी म्हणजे इंग्रजीतली दुसरीच वाटली असती. पट्टी मूळच्याच जागी ठेवणं याचा अर्थ वाक्यातलं तिचं काम तेच ठेवणं असा घ्यावा लागतो. म्हणून माझ्या मते क्रमांक अंतिम प्रतीतही राहू द्यावेत आणि ते अनुवादकाने घातले आहेत असं पहिल्या पानावर सांगावं. काही जणांना ते खुपतात. त्यांना वेगळी स्वच्छ प्रत द्या.

याच वाक्यात मराठीची खरी अडचणही दिसते. झाकलेल्या नावाचं सामान्यरूप करता येत नाही, म्हणून प्रत्यय पट्टीला न चिकटवता ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांच्याकडून’ घ्या. सरकारी मराठीत हे व्यक्ती, अधिकारी आणि कंपनी तिघांनाही चालतं. दुसरी गोष्ट लिंगाची. इंग्रजीत ‘█ ऑफिसला गेले’ की ‘गेल्या’ हे कळत नाही, मराठी क्रियापद मात्र ते विचारतंच. आदरार्थी ‘गेले’ लिहिलं की सुटलो असं वाटतं, पण ते पुरुषाचंच होतं. त्याऐवजी ‘█ यांनी कार्यालयास भेट दिली’ असं लिहा, म्हणजे क्रियापद ‘भेट’शी जुळतं आणि पट्टीखाली कोण आहे हे उघडं पडत नाही. प्रत्येक वाक्याला अशी वाट सापडेलच असं नाही. तिथे सगळीकडे एकच रूप ठेवा आणि ते केवळ व्याकरणाची सोय आहे अशी टीप द्या.

उलटही घडतं. मूळ इंग्रजीत नाव झाकलं, पण पुढचं स्त्रीलिंगी सर्वनाम उघडं राहिलं. मराठीत ‘आपला खुलासा सादर केला’ असं सहज लिहिलं जातं आणि कागदाने उघड ठेवलेली गोष्ट तुम्ही झाकून टाकता. तिथे [मूळ सर्वनाम स्त्रीलिंगी] असं लिहा. झाकण्याचं काम अपुरं झालं असावं असं वाटलं तर काम देणाऱ्याला वेगळं कळवा, अनुवादात दुरुस्ती करू नका.

पट्टीच्या लांबीबद्दल फार ओढाताण नको. ओळीतली पट्टी एकाच ठरावीक लांबीची चालेल, पण दोन पट्ट्यांची एक करू नका आणि एकीच्या दोन करू नका. आख्खे परिच्छेद झाकलेले असतील तर █ नंतर [मूळ प्रतीत सुमारे ६ ओळी] असं लिहा. █ हे चिन्ह काही देवनागरी फॉन्टमध्ये नसतं आणि छापताना रिकामा चौकोन उमटतो, म्हणून एक पान आधी छापून पाहा. अक्षरांना काळा रंग देऊन पट्टी बनवू नका.

अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची जुनी स्मृती या कामापुरती बंद ठेवा. त्याच कार्यालयाचा आधीचा, न झाकलेला कागद तुम्ही केलेला असेल तर ती जवळपास जुळणारं वाक्य सुचवते आणि पट्टीच्या जागी नाव आणून बसवते.

शेवटच्या प्रमाणपत्रात मूळ प्रतीची पानं किती, पट्ट्या किती आणि ‘झाकलेला मजकूर अनुवादकाला उपलब्ध नव्हता’ हे वाक्य घाला. फाइलीत मजकूर कॉपी होत होता, तर त्याऐवजी ‘झाकलेल्या मजकुराचा अनुवाद केलेला नाही’ असं लिहा. पट्ट्यांची मोजणी ज्याने अनुवाद केलेला नाही अशा माणसाकडून, दोन्ही प्रतींत पानागणिक करून घ्या.