मुलाखतीसाठी कपाटातलाच शर्ट कसा तयार करावा

मुलामुलींनो, प्लेसमेंटच्या आदल्या दिवशी नवा शर्ट आणायला धावू नका. नव्या कापडाला खळ असते, कॉलर मानेला टोचते आणि उत्तर देताना हात सारखा तिकडे जातो. फिका निळा किंवा पांढरा, पूर्ण बाह्यांचा एखादा शर्ट कपाटात असतोच. तो आठवडाभर आधी काढा.

आधी अंगात घालून खांदे बघा. खांद्याची शिवण हाड संपतं तिथे बसली पाहिजे. ती दंडावर उतरत असेल तर तो शर्ट राहू द्या, कारण खांदे आत घ्यायला बाह्या उसवाव्या लागतात आणि एवढं करूनही शर्ट क्वचितच नीट बसतो. पोटाशी घोळ असेल तर मात्र काळजी नको, टेलर बाजूच्या शिवणी सहज आत घेतो. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जावीत आणि कफ मनगटाच्या हाडापर्यंत यावा.

आता आरशासमोर खुर्चीत बसा. हे बहुतेक जण करत नाहीत. माझ्याकडे सरावाला आलेल्या एका मुलाचा शर्ट उभं राहिल्यावर झकास दिसत होता, पण बसताच छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडली आणि आतला बनियन दिसू लागला. बाजूच्या शिवणीत अर्धा इंच कापड दाबलेलं होतं. टेलरने ते दोन्हीकडे सोडलं आणि फट मिटली. कुर्ता घालणाऱ्या मुलींनीही बसून पाहावं. बाजूचा चीर कुठवर उघडतो आणि ओढणी सरकते का, हे तेव्हाच कळतं.

कॉलरच्या आतली मळकट रेघ साध्या धुण्याने जात नाही. ओल्या कॉलरला साबण चोळून अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रशने घासा. शर्ट किंचित दमट असतानाच इस्त्री करा. कॉलर आधी आतून, टोकांकडून मधोमध. उलट गेलात तर टोकाशी चुणी साचते. मग कफ, बाह्या, आणि पाठ-पुढा शेवटी. लगेच घालू नका, थोडा वेळ हँगरवर राहू द्या.

काळ्या पँटवर थेट इस्त्री फिरवली की मांडीवर चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. पँट उलटी करा किंवा वर ओलसर सुती कापड टाका. काळी म्हणून घेतलेली पँट खरंच काळी आहे का, हे खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली गडद निळाही काळाच वाटतो.

राहिले मोजे. बसल्यावर पँट वर सरकते, म्हणून ते गडद आणि पोटरीपर्यंत येणारे हवेत. घोट्यापर्यंतचे खेळायचे मोजे त्या दिवशी घरीच ठेवा.