रियाजात तंद्री कशी लागते: लय आपल्या हाताला बसवण्याची रीत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर एकदा बघत उभे राहा. घोडीवर कानस जेमतेम फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. दारातून कुणी हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन-तीन क्षण जातात. मी सांगलीत नोकरी करतो, राहतो मिरजेत, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तबला शिकायला लागलो. त्या कारागिरात येता-जाता दिसणारी तंद्री माझ्या रियाजात का लागत नाही, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. उत्तर मला लयीत सापडलं. ते कसं वापरायचं, एवढंच इथे सांगतो.

या अवस्थेचा पहिला नीट अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केला. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक अशा माणसांना, ज्या कामात तुम्ही हरवून जाता त्यात नेमकं काय होतं, असं त्याने विचारलं आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कितीतरी जणांनी पाण्याच्या प्रवाहाची उपमा दिली म्हणून त्याने अवस्थेला तेच नाव दिलं. आपण तंद्री म्हणू. मात्र ही पेंगुळलेली तंद्री नव्हे, पूर्ण जागी असलेली तंद्री. त्याचं मुख्य निरीक्षण असं की काम हाताच्या कुवतीपेक्षा फार अवघड असेल तर धास्ती वाटते, फार सोपं असेल तर कंटाळा येतो आणि तंद्री लागते ती दोन्ही जवळजवळ तोलली गेली की.

आधी आजची लय शोधा

तबल्यात अवघडपणा मोजता येतो, ही आपली मोठी सोय. उदाहरण म्हणून दिल्ली बाजाचा तो सगळ्यांच्या ओळखीचा कायदा घेऊ: धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना. सोळा बोल. तीनतालाचा लेहरा लावायचा आणि कायदा दुगुनीत वाजवायचा, म्हणजे एका आवर्तनात तो दोनदा बसतो.

सुरुवात मिनिटाला ८० मात्रांनी करा. प्रत्येक लयीत दहा आवर्तनं वाजवा आणि किती स्वच्छ आली ते मोजा. स्वच्छ म्हणजे ‘तिट’मधला ‘ति’ आणि ‘ट’ दोन वेगळे ऐकू आले आणि समेवर हात वेळेत पोहोचला. गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझा हिशेब असा होता. ८० ते १०० पर्यंत दहाच्या दहा स्वच्छ, पण १०० ला वाजवताना ऑफिसातल्या एका अडकलेल्या फाइलचा विचार चालू होता. १०८ ला दहा स्वच्छ, आणि फाइल डोक्यातून गेलेली. ११२ ला आठ. १२० ला पाच, आणि ‘तिट’चा एकच फट्ट आवाज यायला लागला. १२६ ला मी थांबलो, कारण डाव्या हाताचं मनगट दगडासारखं झालं होतं आणि श्वास रोखलेला होता.

माझी बैठक त्या दिवशी ११२ वर होती. दहातली आठ-नऊ आवर्तनं स्वच्छ येतात आणि एखाददुसरं निसटतं, ती लय तंद्रीची, असं मी धरतो. आकडा माझ्या अनुभवाचा आहे, तुमचा थोडा इकडे-तिकडे असेल. खुणा मात्र पक्क्या आहेत. मन दुसरीकडे फिरायला लागलं तर लय कमी पडतेय. श्वास अडकला, खांदे वर आले, बोल एकमेकांत मिसळले तर जास्त होतेय.

ही चाचणी रोज करायला हवी, पूर्ण नाही तरी दोन-तीन लयींची. तोलायची असते ती आजची कुवत. महिनाअखेरीला मी दमून घरी येतो तेव्हा तीच लय १०४ वर येते. पूर्वी मी हट्टाने ११२ लावायचो आणि तासभर स्वतःवर चिडत बसायचो.

तोल असूनही तंद्री लागत नाही तेव्हा

इथे बरेच जण फसतात, मीही फसलो. साधा ठेका ६० च्या लयीत वाजवणं मला सहज येतं, म्हणजे काम सोपं आणि त्याला लागणारं कौशल्यही थोडंच, दोन्ही तोललेलीच आहेत. मग तंद्री का नाही? याचं उत्तर मिलानच्या फाउस्टो मासिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून मिळालं. लोकांजवळ पेजर देऊन, दिवसभरात तो अवचित वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय हे लिहून घ्यायची पद्धत चिक्सेंटमिहायच्या गटाने बसवली होती. त्या नोंदींवर काम करताना मासिमिनींच्या लक्षात आलं की नुसता तोल पुरत नाही. अवघडपणा आणि कौशल्य दोन्ही त्या माणसाच्या स्वतःच्या सरासरीच्या वर असावे लागतात. दोन्ही कमी असतील तर येते ती उदासीनता.

म्हणून नवशिक्याने ‘मला अजून काही येत नाही, मग तंद्री कुठली’ असं म्हणायचं कारण नाही. तुलना त्याच्या स्वतःच्या इतर वेळांशी आहे, उस्तादांशी नाही. पण ज्या बोलांवर हात थोडातरी बसलाय, तेच घेऊन बैठक मारावी. कालच शिकवलेला तुकडा त्यासाठी चालत नाही.

एका वेळी एकच गोष्ट अवघड करा

कायदा ११२ ला सलग दोन आठवडे वाजवल्यावर मन पुन्हा भटकायला लागलं. तेव्हा दोन वाटा असतात. एक, लय ११६ करायची. दुसरी, लय तशीच ठेवून पलटा घ्यायचा: धाधा तिट धाधा तिट धाधा तिट धाधा तिना, ताता तिट ताता तिट धाधा तिट धाधा धिना. बत्तीस बोल, दुगुनीत बरोबर एक आवर्तन. पहिल्या वाटेत बोटांचा कस लागतो, दुसरीत स्मरणाचा. दोन्ही एकदम केल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं तेच कळत नाही. मी पलटा घेतला आणि पहिले चार दिवस लय उलट १०४ वर उतरवली. बंद बोलांच्या सुरुवातीला, ‘ताता तिट’ दोनदा म्हणायचं तिथे, हात सवयीने एकदाच म्हणून पुढे पळत होता. पाचव्या दिवशी तो थांबायला शिकला आणि लय वर नेता आली.

बैठकीला ठरलेलं काम हवं

‘आज रियाज करायचा’ एवढ्यावर तंद्री लागत नाही. ‘कायदा आणि दोन पलटे, ११२ ला, प्रत्येकी वीस आवर्तनं’ असं ठरलेलं असलं की प्रत्येक आवर्तनाला कुठे जायचंय ते माहीत असतं. या लयीत एक आवर्तन साडेआठ सेकंदांचं, म्हणजे दर साडेआठ सेकंदांनी सम तुम्हाला सांगते, आलात की नाही. जवारीवाल्याला तार सांगते, तसंच. हा निरोप लगेच आणि स्पष्ट मिळायला हवा, म्हणून बसायच्या आधी तबला सुरात आणाच. पावसाळ्यात मिरजेची हवा ओलसर झाली की पुडी सैल पडते, चाटेचा आवाज बसतो, आणि ‘तिट’ बिघडलं ते बोटामुळे की पुडीमुळे हेच समजेनासं होतं. अशा दिवशी पहिली दहा मिनिटं हातोडी आणि गट्ठ्यांवर गेली तरी चालतील.

फोनवरच लेहरा असेल तर बाकी सगळं बंद. तंद्री लागायला वेळ लागतो आणि मोडायला एक घंटी पुरते.

हे श्रम गोड का लागतात

मन एका वेळी थोडंच पेलू शकतं. ११२ च्या लयीत बोल, बोटं आणि सम सांभाळताना लक्ष जवळजवळ सगळं खर्ची पडतं. मग ‘मी कसा वाजवतोय’, ‘लोक काय म्हणतील’, ‘या वयात हे कशाला’ अशा स्वतःबद्दलच्या विचारांना जागाच उरत नाही. घड्याळाकडे बघायलाही नाही, म्हणून वेळ भुर्रकन जातो. २००८ साली योहानेस केलर आणि हर्बर्ट ब्लेस या जर्मन संशोधकांनी टेट्रिसच्या खेळावर हे तपासलं. काहींना खेळ फार संथ दिला, काहींना फार वेगवान, आणि काहींना त्यांच्या कुवतीप्रमाणे वेग बदलत जाणारा. तिसऱ्या गटाला खेळ जास्त आवडला आणि वेळही लवकर गेल्यासारखा वाटला. लेहऱ्याचा आकडा दोनाने वर-खाली करताना आपण तेच हाताने करत असतो.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. वाजवताना ‘मला आनंद होतोय’ असं काही वाटत नाही. तेवढं वाटून घ्यायलाही लक्ष शिल्लक नसतं. समाधान येतं ते तबल्यावर गवसणी घालताना, मागे वळून बघितल्यावर. म्हणून अधेमधे थांबून ‘लागली का तंद्री?’ असं तपासू नका. तपासलं की गेलीच.

तंद्री म्हणजे प्रगती नव्हे

हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. दोन महिने मी रोज रंगून वाजवत होतो आणि गुरुजींनी एका मिनिटात दाखवलं की माझा ‘ट’ तर्जनीच्या चुकीच्या भागाने पडतोय. तंद्रीत मी ती चूक हजारो वेळा घोटून पक्की केली होती. दुरुस्ती ६० च्या लयीत, नुसतं ‘तिट तिट’ करत, तीन आठवडे चालली. त्यात रंगण्यासारखं काही नव्हतं. कौशल्याच्या अभ्यासकांमध्ये अँडर्स एरिक्सन हेच सांगत असे, की चुका हुडकून काढायचा सराव फारसा सुखाचा नसतो आणि तंद्रीपेक्षा तो वेगळा आहे.

तेव्हापासून माझा तास असा विभागलेला आहे. सुरुवातीची वीस मिनिटं हात गरम करणं आणि दुरुस्ती, संथ, एकेका बोलावर कान ठेवून. मग तीस मिनिटं तंद्रीची बैठक. शेवटची दहा मिनिटं मोबाइलवर केलेलं बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकणं, आणि जो बोल मिसळलेला ऐकू येईल तो वहीत लिहून उद्याच्या पहिल्या वीस मिनिटांत टाकणं. कालच्या पानावर लिहिलंय: ‘पलटा २, ११४, सतरा स्वच्छ. दुसऱ्या ताताचा डावा दाबला जातोय.’