पोर्टवाला बॉक्स बनवताय? पाइपला आरी लावायच्या आधी या चुका टाळा

मी वूफर रिकोन करतो, म्हणजे बेसच्या स्पीकरचा फाटलेला कोन आणि जळलेली कॉइल बदलून देतो. फुटलेला वूफर टेबलावर आला की आधी कॉइल बघतो. काळी पडलेली आणि जळका वास येणारी कॉइल म्हणजे वॅट जास्त गेले, विषय संपला. पण कॉइल कोरी करकरीत, कोनला मागून धरणारी कापडी चकती म्हणजे स्पायडर फाटलेला आणि कॉइल गुंडाळलेल्या नळीची, म्हणजे फॉर्मरची खालची कड मागच्या प्लेटवर आपटून चेपलेली दिसली, की मी फक्त एवढंच विचारतो, "बॉक्सला पोर्ट आहे ना रे?"

चूक 1: पोर्टचा पाइप म्हणजे हवा जायला भोक, लांबी कितीही चालते

नाही चालत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो ना, तसंच आहे हे. पाइपमधली हवा म्हणजे वजन आणि बॉक्समधली हवा म्हणजे स्प्रिंग, दोघं मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोरात डोलतात, त्यालाच ट्यूनिंग म्हणायचं. त्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ हलतच नाही, आवाज सगळा पोर्ट देतो, म्हणून तोच वूफर सीलबंद डब्यापेक्षा खाली उतरतो. पाइप आखूड केला की ट्यूनिंग वर सरकतं.

गेल्या वर्षी एक पोरगा 12 इंची वूफर घेऊन आला, गाडीतला. स्पायडर फाटलेला. मी न विचारता रिकोन करून दिला (ही माझी चूक), पंधरा दिवसांत तोच वूफर तसाच फाटून परत. म्हटलं आता बॉक्स घेऊन ये. बॉक्स 60 लिटरचा, पाइप आतून 10 सेंमी, ट्यूनिंग 35 हर्ट्झ धरलेलं. हिशोब असा:

```
L = 23562 × D² / (Fb² × V) − 0.73 × D
  = 23562 × 100 / (1225 × 60) − 7.3
  ≈ 24.8
```

L म्हणजे पाइपची लांबी आणि D म्हणजे त्याचा आतला व्यास, दोन्ही सेंमीत, V म्हणजे बॉक्सची आतली जागा लिटरमध्ये, Fb म्हणजे ट्यूनिंग. म्हणजे पाइप पावणेपंचवीस सेंमी हवा होता. पण बॉक्सची आतली खोली 30, पाइप मागच्या फळीला टेकायला आला, म्हणून पठ्ठ्याने आरी घेतली आणि 10 सेंमीवर आणला. "बेस उलट वाढला की दादा!" वाढणारच, ट्यूनिंग 48 च्या आसपास गेलं आणि तिथे ढूम ढूम जोरात वाजतं. खाली काय चाललंय ते मात्र कानाला कळत नाही.

चूक 2: ट्यूनिंगच्या खाली बॉक्स वूफरला सांभाळतो असं समजणं

ही चूक महागात पडते. ट्यूनिंगच्या खाली कोन मागे गेला की हवा दाबली न जाता सरळ पोर्टातून बाहेर पडते, कोन पुढे आला की आत येते. स्प्रिंग उरतच नाही, वूफर उघड्यावर ठेवल्यासारखा धावतो, आणि पोर्टची हवा कोनच्या उलट चालते म्हणून आवाजही कटतो. सीलबंद डब्यात आवाज ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, 12 डीबीने पडतो, पोर्टवाल्यात 24 ने. मग ऐकणाऱ्याला वाटतं बेस कमी पडतोय, तो बूस्ट फिरवतो. 6 डीबी बूस्ट म्हणजे चौपट पॉवर आणि कोनची धाव दुप्पट. या पोराचा बूस्ट फुल होता, गाण्यात 30 हर्ट्झचा ड्रॉप, आणि ट्यूनिंग 48. ॲम्प वूफरच्या रेटिंगच्या आतलाच होता, तरी फाटला, कारण तो उष्णतेने नाही तर धावून मेला.

इलाज: एल्बो लावून पाइप आतल्या आत वळवला, मधल्या रेषेने मोजून 25 सेंमी केला, मागच्या फळीपासून पाइपच्या तोंडाला 10 सेंमी मोकळे ठेवले. मग मोबाइलवर टोन जनरेटर लावून अगदी हळू आवाजात 60 पासून एकेक हर्ट्झ खाली आलो. कोनवर बोट ठेवायचं, जिथे थरथर जवळपास थांबते आणि पोर्टासमोरचा टिश्यू पेपर सगळ्यात जास्त फडफडतो, तेच ट्यूनिंग. 36 आलं. मग ॲम्पचा सबसोनिक फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज कापणारा, 30 ला लावला, बूस्ट शून्य. मी ट्यूनिंगच्या पाच-सहा हर्ट्झ खालीच लावतो. त्याहून खाली लावून "अजून डीप" काढायची घाई असलेले लोक माझ्याकडे वर्षातून दोनदा येतात, धंदा चालू राहतो.

बाकी चिल्लर

लिटर मोजताना वूफरचं मॅग्नेट, पाइप आणि आतल्या पट्ट्यांची जागा वजा करा. 12 इंचीला 2 इंची पाइप लावलात तर बेसऐवजी फुसफुस ऐकू येईल. आणि नेटवरून दुसऱ्याच्या वूफरचं डिझाइन जसंच्या तसं उचलू नका, तुमचा वूफर वेगळा आहे. आणि कॉइल जळलेली नसताना "ॲम्पच खराब आहे" म्हणत दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी स्पायडर बघा.