"साहेब, फक्त दोन मिनिटं": फुकट सल्ला मागणाऱ्याला काय सांगायचं

करसल्ल्याच्या धंद्यात नव्यानं बसणाऱ्या पोरांना विवरणपत्र भरणं लवकर जमतं. अडतं ते फोनवर. अनोळखी नंबर असतो, पलीकडून आवाज येतो, "साहेब, फक्त दोन मिनिटं. एक विचारायचं होतं." कोल्हापुरातला माणूस इतक्या आपलेपणानं विचारतो की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मग आपण "बघतो", "सध्या जरा गडबडीत आहे, नंतर बोलू", "या की कधीतरी ऑफिसला" असलं काहीतरी बोलून सुटका करून घेतो.

आपल्या लेखी हे तीन नकार असतात, त्याच्या लेखी तीन शब्द दिलेले असतात. "कधीतरी या" म्हटल्यावर इथला माणूस खरोखर येतो. येतो तो नेमका ११ तारखेला, जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरायची धांदल चालू असताना, आणि सोबत मेव्हण्यालाही आणतो. त्याची काहीच चूक नसते, बोलावलेलं आपणच असतं. म्हणून पहिलंच उत्तर असं हवं की त्याचा दुसरा अर्थ निघू नये.

सुभाषनगरातल्या एका चप्पलवाल्याचं उदाहरण घेऊ; ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "नमस्कार साहेब. कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे. आता ऑनलाइन विकायचंय. जीएसटी लागतो का? थोडं मार्गदर्शन करा." मी पाठवलेलं उत्तर असं होतं:

"नमस्कार. नोंदणीचे नियम आणि अर्ज gst.gov.in वर आहेत, अर्जाला सरकारी फी नाही. तुमच्या धंद्याला नोंदणी लागते का, हे तुमची विक्री बघून सांगावं लागेल. अर्ध्या तासाची फी ५०० रुपये. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी ४ वाजता जमेल. येताना पॅन कार्ड, वर्षभराचं बँक स्टेटमेंट आणि बिलबुक आणा."

यात जे कुणालाही सारखंच लागू पडतं ते मी फुकट दिलं. जे त्याचे कागद बघून सांगायचं, त्याला फी लावली. ही रेघ स्वतःच्या डोक्यात पक्की असली की आवाज चढवावा लागत नाही आणि अपराधीही वाटत नाही. दुसरं म्हणजे, "वेळ नाही" असं कुठंही लिहिलं नाही. वेळेची सबब सांगितली की समोरचा म्हणतो, "मग रविवारी बसू की निवांत." आणि काम दिल्यास ही फी बिलातून वजा करीन, हेही पहिल्या निरोपात लिहायचं नाही. लिहिलं की बोलणं सल्ल्यावरून बिलाच्या घासाघिशीवर जातं.

अपेक्षेप्रमाणे त्यांचा फोन आला. "अहो साहेब, लागतो का नाही, एवढंच सांगा की. एका शब्दाचे काय पैसे घेताय?"

नवखा माणूस नेमका इथं घसरतो. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही ही मर्यादा त्याला पाठ असते, तो म्हणून जातो, "४० लाखांच्या आत असाल तर काळजी करू नका." मी उलट विचारलं, "दादा, निपाणीला माल जातो का?"

"जातो की. दर आठवड्याला एक दुकानदार नेतोय."

"आणि घराखालचा गाळा वगैरे भाड्यानं दिलाय?"

"दिलाय. झेरॉक्सवाल्याला."

कोल्हापूरकराला निपाणी म्हणजे शेजारचं गाव वाटतं, पण ते कर्नाटकात आहे. तिथं पाठवलेला माल ही आंतरराज्य विक्री झाली आणि तिथं साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यातून सवलत आहे, पण आपली वस्तू त्या यादीत बसते का हे तपासावं लागतं. गाळ्याचं भाडं ही सेवा. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे, सेवा आली की महाराष्ट्रात ती २० लाखांवर येते. ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं तर मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना मुभा आहे, पण ती राज्यातल्या राज्यात विक्रीपुरती, आणि त्यासाठीही पोर्टलवर एक क्रमांक काढावा लागतो.

एवढं सगळं मी फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, "बघा, या दोन गोष्टींनीच उत्तर बदलतंय. कागद न बघता मी हो-नाही म्हणालो आणि ते चुकलं, तर कर, व्याज, दंड तुम्ही भरणार. म्हणून बुधवार की गुरुवार, तेवढं सांगा." नकार द्यायची ही पद्धत मला सगळ्यात कामाची वाटते: उत्तर द्यायचं नाही, पण उत्तर का देता येत नाही हे दाखवणारा एखादा प्रश्न विचारायचा. माणूस दुखावत नाही, कारण त्याला टाळलेलं नसतं. उलट हा माणूस आपल्या धंद्यातलं काहीतरी बघतोय, एवढं त्याला कळतं.

"बरं, चहा पाजतो साहेब," ते म्हणाले. चहाला नाही म्हणू नये. "चहा घेऊ की, फी वेगळी," एवढं हसत म्हणून गप्प बसायचं. फी सांगितल्यावर लगेच आपणच खुलासे करत सुटलो, की समोरच्याला कळतं हा कमी करणार. ते गुरुवारी आले. सगळेच येतात असं नाही. पुष्कळ निळ्या टिका पडून तिथंच थांबतात. त्यांच्यामागं पुन्हा निरोप पाठवायचा नाही.

तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर तोच निरोप पुन्हा पाठवायचा, शब्द न बदलता. शब्द बदलले की घासाघीस चालू झाली असं वाटतं. त्यानंतर उत्तर नाही दिलं तरी चालतं.

एका ठिकाणी मात्र मी ही रेघ बाजूला ठेवतो. जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आलेला माणूस फोन करतो, तेव्हा त्याच्याकडं उत्तराला बऱ्याचदा कामाचे सातच दिवस असतात आणि त्यातले काही बहुधा गेलेले असतात. माझ्याकडं नवं काम घ्यायला जागा नसली, त्याला माझी फी परवडत नसली, तरी नोटिशीची तारीख विचारायची, मुदत कधी संपते ते सांगायचं आणि आजच कुणाकडं तरी जायला लावायचं. यात सल्ला नाही, फक्त मुदत सांगितली.

बी.कॉम.ची पोरं येतात त्यांचं वेगळं असतं. "सर, भेटून तुमचा अनुभव ऐकायचाय" असं लिहिणाऱ्याला मी म्हणतो, "बाळा, तुझा एक प्रश्न चार ओळींत लिहून पाठव, शनिवारी उत्तर देतो." बहुतेकांचा प्रश्न कधीच येत नाही, कारण तो लिहायला बसल्यावर काय विचारायचं हेच ठरलेलं नसतं. ज्याचा येतो, त्याला मी सविस्तर लिहितो आणि फी घेत नाही. धंद्यातलेच नवे लोक "तुम्ही अमुक प्रकरणात उत्तर कसं लिहिलं, ती फाईल पाठवा ना" म्हणतात, त्यांना कलम आणि परिपत्रक सांगावं, अशिलाची फाईल देऊ नये. ती आपली नसतेच.