प्रोजेक्टच्या ग्रुपमधला एकजण काम करत नसेल तर

सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा ग्रुप समजा. मुलं चार, विषय हळद उत्पादकांची पाहणी. मार्केट यार्डात सौद्याला आलेल्या ४० शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि त्यावर अहवाल करायचा. गुण ५०. चौथा मुलगा मेसेज बघतो, पण उत्तर देत नाही.

भांडण सहसा शेवटच्या आठवड्यात होतं, पण त्याचं मूळ पहिल्या दिवशी असतं. 'सगळे मिळून करू' असं ठरलं की कोणाचं काय राहिलं हे नंतर दाखवताच येत नाही. म्हणून आधी कामाचे वाटे पाडा. अंदाजे दोन तासांचं काम म्हणजे एक वाटा. प्रश्नावली ४, मुलाखती १६ (प्रत्येकी दहा शेतकरी, म्हणजे ४ वाटे), नोंदी कॉम्प्युटरवर भरणं ६, तक्ते ४, अहवाल ६, सादरीकरण ४. एकूण ४०, म्हणजे माणशी १०. प्रत्येक वाट्यापुढे नाव, तारीख आणि हातात काय पडलं पाहिजे ते लिहा. 'नोंदी बघणे' असं लिहू नका; '४० अर्ज शीटमध्ये भरलेले' असं लिहा. हा कागद पहिल्याच आठवड्यात सरांना किंवा मॅडमना दाखवून ठेवा. तेव्हा तो नियोजन वाटतो, शेवटी दाखवला तर चहाडी वाटते.

आता चौथ्याने दहा मुलाखती घेतल्या, पण नोंदी भरायचं काम तसंच पडलं. नोंदींशिवाय तक्ते नाहीत आणि तक्त्यांशिवाय अहवाल नाही, म्हणजे एकामुळे तिघं अडले. तारीख टळून दोन दिवस झाले की एकानेच त्याला फोन करावा. ग्रुपवर टोमणा मारू नये, कारण चारचौघांत लागलेला माणूस कामाऐवजी स्वतःची बाजू मांडत बसतो. आणि 'तू काहीच करत नाहीस' असं न म्हणता विचारा, "लका, नोंदी अडल्यात. तुझं काय अडलंय?"

उत्तर बहुधा तीनपैकी एक येतं. घरी काम आहे. शीट कशी भरायची ते येत नाही. किंवा नुसतंच "करतो की". तासगावकडच्या मुलाच्या घरी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं आणि बेदाण्याचा हंगाम असतो, तेव्हा पहिलं कारण खरंही असू शकतं. खरं-खोटं करत बसू नका, लहान काम देऊन बघा: दहा अर्ज, बुधवारी रात्रीपर्यंत, घरून मोबाइलवर. अडचण असलेला उशिरा का होईना, पाच-सहा तरी भरतो आणि कळवतो. न येणारा प्रश्न विचारतो. 'करतो की'वाल्याकडून बुधवारी काहीच येत नाही, आणि तेच तुमचं उत्तर.

मग उरलेले वाटे इतरांनी घ्यावेत, पण गुपचूप नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते: रात्र जागून त्याचं काम उरकायचं आणि नंतर महिनाभर धुसफुसायचं. त्याला कळवा: "नोंदींचे ६ वाटे आम्ही घेतोय, कागदावर तसं लिहितोय. तुला सादरीकरणातले २ घ्यायचे असतील तर शुक्रवारपर्यंत सांग." परतीची वाट उघडी राहिली पाहिजे.

इथे त्याने ते घेतले नाहीत असं धरू. शेवटी वाटे झाले १३, १२, ११ आणि ४. सरासरी १०. अहवालाला ३० गुण मिळाले, तर निम्मे १५ सगळ्यांना सारखे द्यायचे आणि उरलेले १५ वाट्यांच्या प्रमाणात. १३ वाटेवाल्याला १५ अधिक १५ गुणिले १.३, म्हणजे ३४.५. बाकीच्यांना ३३, ३१.५ आणि चौथ्याला २१. बेरीज १२०, म्हणजे चार गुणिले ३०. कुणाला फुकटचे गुण गेले नाहीत. सगळेच ३० वाट्यांवर वाटले असते तर चौथ्याला १२ आले असते. ते जास्त कडक होतं, कारण वाटे हा शेवटी अंदाज आहे. दोन तासांचं काम कुणी तासात करतो, कुणी चार तासांत.

गुण द्यायचे ते शिक्षकांनीच. तुम्ही फक्त चौघांच्या सहीचा वाट्यांचा तक्ता द्यायचा, जमा करण्याआधी किमान आठवडाभर. चौथ्याला आकडा मान्य नसेल तर त्याचं म्हणणं त्याच कागदावर त्याच्याच अक्षरात लिहू द्या. मुखपृष्ठावरून नाव परस्पर काढू नका. दहा मुलाखती त्याने घेतल्याच आहेत.

तोंडी परीक्षेत त्याच दहा शेतकऱ्यांबद्दल त्याला बोलू द्या. नोंदींबद्दल प्रश्न आला, तर ज्यांनी त्या भरल्या त्यांनी उत्तर द्यावं, त्याच्याकडे न बघता.